सहा हबांचं पत्र

बसाप्पा हुक्केरी कॉलेजातून निवृत्त झाले त्याला चार वर्षं उलटली होती. तरी सकाळचे साडेआठ वाजले की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जायचा आणि वर्कशॉपच्या चाव्या शोधायचा. चाव्या नसायच्या. मग ते चहाचा रिकामा कप उचलून मोरीत ठेवायचे आणि पुन्हा कट्ट्यावर येऊन बसायचे.

घर कोल्हापुरात, उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत. समोरच्या शेडमध्ये सकाळी लोखंड कातायचा लेथ सुरू झाला की त्याच्या आवाजावरूनच त्यांना कळायचं, पोरानं टूल बोथट लावलंय. उठून सांगावंसं वाटायचं. दोन-तीनदा सांगितलंही. चौथ्यांदा बायको शांतव्वा आतून कानडीतली हाक मारत म्हणाली, "री, ते त्यांचं ते बघतील की. तुम्ही पेपर वाचा."

गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म. घरात कानडी, शाळेत मराठी. आयटीआयला टर्नरचा कोर्स केला, दोन वर्षं शिरोलीत एका फौंड्रीच्या मशीनशॉपला काढली आणि मग इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपला निदेशक म्हणून लागले. पुढची चौतीस वर्षं तिथंच. पहिल्या वर्षाची सगळी पोरं त्यांच्या हाताखालून जायची. कुणी पुढं संगणकात गेलं, कुणी परदेशात गेलं, पण प्रत्येकानं एकदा तरी बसाप्पा मास्तरांसमोर उभं राहून लोखंडाचा गोल तुकडा कातला होता. मास्तरांना पोरांची नावं पटकन आठवत नसत. हात मात्र आठवत. हा लेथच्या चकमध्ये जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, तिरका धरायचा, त्याला व्हर्नियर वाचता यायचं नाही, ती टूल थंड ठेवणारं कूलंट अंगावर उडालं तरी हँडल सोडायची नाही. अशी तीन हजार पोरं त्यांच्या डोक्यात हातांच्या रूपानं राहत होती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दोन विद्यार्थी त्यांचं घर विचारत आले. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची, सौंदर्या चौगुले. शाहूवाडीकडची, घरी भातशेती. बरोबर आदर्श नावाचा इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा, उंच आणि गप्प. कॉलेजच्या रोबोटिक्स टीमची ती कप्तान होती. देशभरातल्या कॉलेजांची स्पर्धा फेब्रुवारीत होती. दोन रोबो बनवायचे होते, एकानं मैदानातली रिंग उचलून द्यायची आणि दुसऱ्यानं ती लांबच्या खांबावर फेकायची. कॉलेजनं प्रवेश फी आणि प्रवासाची सोय केली होती, पण सुटे भाग टीमनं प्रायोजकांकडून मिळवायचे होते. त्यांनी बावन्न ठिकाणी पत्र पाठवलं होतं. एकाचंही उत्तर नव्हतं.

"सोमेश सरांनी तुमचं नाव सांगितलं," सौंदर्या म्हणाली. प्रा. सोमेश टीमचे मार्गदर्शक, आणि एकेकाळी तेही मास्तरांचेच विद्यार्थी. "माजी विद्यार्थ्यांची यादी ऑफिसात आहे, पण त्यात नुसती नावं आणि जुने पत्ते. कोण काय करतं ते तुम्हालाच ठाऊक, असं म्हणाले."

मास्तरांनी पत्र मागितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, तरी वाचताना कागद लांब धरावा लागायचा. पत्र इंग्रजीत होतं, दोन पानांचं. वर 'आदरणीय महोदय किंवा महोदया'. मग टीमचं ध्येय, देशाचं भविष्य, तंत्रज्ञानाची झेप. शेवटी सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशा तीन प्रकारच्या प्रायोजकत्वाचा तक्ता. आम्ही निश्चितपणे विजेते होऊ, असं एक वाक्य मध्येच ठळक अक्षरात.

त्यांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून मांडीवर ठेवलं.

"ह्यात तुम्हाला नेमकं काय पायजे ते कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

सौंदर्यानं शेवटच्या पानावरची एक ओळ दाखवली. मोटर, बॅटरी, बेअरिंग, धातूचे भाग इत्यादी.

"इत्यादी कुणाकडं मिळतं बाळ? दुकानात जाऊन इत्यादी द्या म्हटलं तर काय देतील?" मास्तरांनी हे रागानं म्हटलं नव्हतं, पण मुलीचं तोंड उतरलं. तसे ते पुढं म्हणाले, "बस. आदर्श, तूबी बस. वही काढा."

त्या दिवशी दुपारचं जेवण दोघांनी तिथंच केलं. शांतव्वानं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. जेवताना आदर्श पहिल्यांदा बोलला, आणि बोलला तो सलग अर्धा तास, मोटरीला किती व्होल्ट लागतात आणि चाकं आडवी कशी सरकतात यावर. मास्तरांना त्यातलं निम्मं कळलं. चाक मोटरीच्या दांड्याला ज्या तुकड्यानं जोडतात त्याला हब म्हणतात आणि तो न डुलता खरा फिरला नाही तर सगळा रोबो थरथरतो, हे मात्र पुरतं कळलं.

पुढचे आठ-दहा दिवस संध्याकाळी कॉलेज सुटलं की दोघं कट्ट्यावर हजर. आधी सगळ्या भागांची यादी झाली. प्रत्येकासमोर माप, नग, कधीपर्यंत हवा ती तारीख, आणि नाही मिळाला तर दुसरं काय चालेल. ती यादी वाचत मास्तर डोळे मिटून बसायचे आणि एकेक माणूस वर यायचा. बेअरिंग म्हटलं की उद्यमनगरातला एक दुकानदार. मूळचा आपलाच विद्यार्थी, दुसऱ्या वर्षाला वडील वारले म्हणून दुकानावर बसला, पण शिकत राहिला. परीक्षेच्या दिवशी ग्रीस लागलेल्या शर्टानं यायचा. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं लेझर कटिंग म्हटलं की शिरोलीतले दोघे भाऊ, जुळे. एकाचा जॉब दुसऱ्यानं पुरा केला होता आणि मास्तरांनी कानशीच्या रेघांवरून ते ओळखलं होतं. हवेच्या दाबावर चालणारे सिलिंडर म्हटलं की आजऱ्याचा सयाजी. काजू फोडायची यंत्रं बनवतो, त्याच्याकडं असले सिलिंडर ढिगानं.

"स्नेहल," मास्तर एकदम म्हणाले. "शहाण्णवच्या बॅचला मेकॅनिकलला एकच पोरगी होती. लेथला पहिल्या दिवशी सगळी पोरं बघत उभी राहिली, हिला जमतंय का. हिनं तुकड्याचं तोंड सपाट करायचं फेसिंग असं केलं, असं केलं की मी त्यात स्वतःचं तोंड बघितलं." ते हसले. "पुण्यात मोटरीच्या कंपनीत मोठी साहेब हाय आता."

सौंदर्या लिहिता लिहिता थांबायची आणि ऐकत बसायची. सांगता सांगता मास्तर वर्कशॉपातच जाऊन पोचायचे. पत्र्याच्या छताखालचा तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, पट्ट्यावर चालणारे दोन जुने लेथ, ड्रिलवर टांगलेला पिवळा दिवा, सुट्टीच्या घंटेनंतर मशीन पुसत रेंगाळणारी पोरं. आता तिथं संगणकावर चालणारी नवी यंत्रं आली होती आणि जुने लेथ भंगारात गेले होते. हे सौंदर्यानं सहज सांगितलं. मास्तरांनी वहीचं पान उलटलं. मग म्हणाले, बरं झालं, ज्यावर टूल सरकतं ती त्यांची बेड झिजलीच होती.

पत्रं प्रत्येकाला वेगळी लिहायची, हे त्यांनी ठरवून टाकलं. कोल्हापूर आणि आजूबाजूच्यांना मराठीत, मोठ्या कंपन्यांना इंग्रजीत. एक पान, त्याच्या वर नाही. पहिल्या चार ओळींत आम्ही कोण आणि स्पर्धा कसली. मग तुमच्याकडून नेमकी एकच वस्तू, माप आणि नग. सोबत ड्रॉइंग. त्याबदल्यात आम्ही काय देऊ ते खरं खरं, म्हणजे रोबोवर आणि टीमच्या शर्टावर नाव, कॉलेजच्या कार्यक्रमात उल्लेख, स्पर्धेनंतर फोटो आणि अहवाल. माल कॉलेजच्या नावानं, डिलिव्हरी चलनावर यावा, म्हणजे देणाऱ्याच्या कागदपत्रांत घोळ होत नाही. खाली प्राचार्यांची आणि सोमेश सरांची सही, सौंदर्याचा फोन नंबर. विजेते होऊ ते वाक्य मास्तरांनी स्वतःच्या हातानं खोडलं.

"आणि पत्र नुसतं धाडून गप बसायचं न्हाई," ते म्हणाले. "आठवड्यानं फोन करायचा. जवळ असंल त्याच्याकडं स्वतः जायचं."

कॉलेजच्या लेटरहेडवर पत्रं जायची तर प्राचार्यांची परवानगी लागणार होती. सोमेश सरांनी अर्ज केला आणि मास्तर त्यांच्याबरोबर वरच्या ऑफिसात गेले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्या जिन्याच्या पायऱ्या चढत होते. प्राचार्य नवे होते, मास्तरांना ओळखत नव्हते. पण एकवीस पत्रं आणि प्रत्येकाला लावलेलं ड्रॉइंग बघून त्यांनी तिथंच सह्या केल्या.

उत्तरं येऊ लागली. बेअरिंगवाल्यानं पत्र पोचलं त्याच संध्याकाळी डबा घरी पाठवला, वर चलन. जुळ्या भावांनी फोनवर आधी कुठला भाऊ बोलतोय ते ओळखायला लावलं, मग पत्रे कापून द्यायचं कबूल केलं. आजऱ्याहून सयाजीनं चार सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि नळ्या एसटीच्या पार्सलनं धाडल्या, खोक्यात रिकामी जागा राहिली म्हणून किलोभर काजूही भरले. पुण्याच्या स्नेहलला वेळ लागला. कंपनीच्या दोन विभागांची मंजुरी हवी होती. त्यांनी कॉलेजच्या मान्यतेचा कागद मागितला, तो पाठवला. मग टीमची यादी मागितली, तीही पाठवली. तीन आठवड्यांनी आठ मोटरी आल्या. सोबत तिची चिठ्ठी होती. सर, फेसिंग अजून तसंच करते, पण आता फक्त मुलांना दाखवायला.

काही जणांनी नाही म्हणून कळवलं, काहींनी कळवलंही नाही. पण यादीवरच्या एकेका ओळीवर रेघ पडत गेली. शेवटी राहिले हब. ॲल्युमिनियमचे, मधलं भोक बारा मिलिमीटरचं आणि अगदी अचूक. नग सहा, धावणाऱ्या रोबोला बसवायला चार आणि दोन जादा.

माजी विद्यार्थ्यांच्या यादीवर बोट ठेवत सौंदर्यानं विचारलं, "सर, हे शिरोलीचे उदयसिंह शिर्के. टर्निंगचाच कारखाना आहे. बाहेर देशात माल जातो म्हणे. यांचं नाव तुम्ही कधीच काढलं नाही."

मास्तरांनी यादीची घडी घातली. आज उशीर झालाय, उद्या बघू, असं म्हणून त्यांनी दोघांना घरी पाठवलं.

गोष्ट चौऱ्याण्णव सालची. उदयसिंह तेव्हा तिसऱ्या वर्षाला होता. तो आणि त्याचे तीन मित्र, चौघांनी मिळून दोरीवर चढणारं एक यंत्र बनवायला घेतलं होतं. पुण्यात कॉलेजांची स्पर्धा होती. रोबो हा शब्द तेव्हा कुणी फारसा वापरत नव्हतं. यंत्र जवळजवळ झालं होतं, फक्त दोन दांडे कातायचे राहिले होते. उदयसिंह मास्तरांकडं आला, स्टोअरमधला हातभर चकचकीत दांडा आणि सुट्टीनंतर दोन तास लेथ मागायला. स्टोअरचा माल वहीतल्या जॉबसाठीच द्यायचा असा नियम. विभागप्रमुख रजेवर. महिनाअखेरीला तपासणी होती, आणि मास्तरांची नोकरी तेव्हा आठ वर्षांची. त्यांनी सांगितलं, पत्र लिही, वरून मंजुरी आण, मग देतो.

पोरानं त्याच बाकावर बसून पत्र लिहिलं. सुरेख अक्षर होतं त्याचं. ते पत्र वर ऑफिसात गेलं, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहिलं. मंजुरीचा शेरा घेऊन ते वर्कशॉपात परत आलं तेव्हा स्पर्धा होऊन अकरा दिवस झाले होते. मास्तरांनी दांडा काढून बाजूला ठेवला आणि उदयसिंहला बोलावलं. तो आला, पत्र बघितलं, आता नको सर, एवढंच म्हणाला. त्यानंतर पुढच्या दीड वर्षात तो ठरलेल्या तासाशिवाय वर्कशॉपात एकदाही थांबला नाही. त्याआधी रोज थांबायचा.

मास्तरांच्या हातून नियम मोडला नव्हता. कुणी त्यांना दोषही दिला नाही. तरी तो दांडा ते विसरले नव्हते.

शांतव्वाला हे ठाऊक होतं. तिनं त्यांना लग्नाच्या पत्रिका, मुलांचे फॉर्म, बँकेचे अर्ज, सगळं पटपट लिहिताना बघितलं होतं. त्या संध्याकाळी मात्र ते कागद पुढं घेऊन नुसते बसले. शेवटी तिनं कानडीत विचारलं, कुणाला एवढं भ्यायलाय. मास्तर म्हणाले, एका पोराला.

दुसऱ्या दिवशी दोन कागद तयार झाले. एक कॉलेजचं पत्र, बाकीच्यांसारखंच. दुसरा मास्तरांच्या हातचा.

'चि. उदयसिंह यास बसाप्पा हुक्केरी याचा आशीर्वाद. सोबत कॉलेजचं पत्र आहे. त्यात सहा हब मागितले आहेत. मुलांनी ड्रॉइंग स्वतः काढलं आहे, मी तपासलं आहे. चौऱ्याण्णव साली तू माझ्याकडं एक दांडा मागितलास आणि मी तुला पत्र आणायला सांगितलं. आज मीच पत्र घेऊन तुझ्याकडं मागायला आलो आहे. तुला जमत नसेल तर नाही म्हण, मला राग नाही.'

सौंदर्यानं ते वाचलं. सर, दुसरा कागद कॉलेजच्या पाकिटात घालू नका, वेगळ्या पाकिटात घाला, एवढंच ती म्हणाली. काही विचारलं नाही. मास्तरांना तिचं ते आवडलं.

आठ दिवस गेले. फोन करायचा नियम मास्तरांनीच घातला होता, पण या एका नंबरवर ते बोट ठेवेनात. जानेवारी लागला. आदर्शनं मोटरी फळीवर बांधून चालवून बघितल्या होत्या, त्या नुसत्या जागेवर फिरत होत्या, चाकं बसायची तर हब हवे होते. शेवटी एका गुरुवारी सौंदर्या स्कूटर घेऊन दारात आली आणि म्हणाली, सर, तुम्हीच म्हणालाय, जवळ असेल त्याच्याकडं स्वतः जायचं.

शिरोलीचा रस्ता मास्तरांच्या ओळखीचा, पण कारखाने ओळखू येत नव्हते. जिथं त्यांनी तरुणपणी दोन वर्षं काढली ती फौंड्री आता दुसऱ्याच नावाची होती. उदयसिंहचा कारखाना आत, तिसऱ्या गल्लीत. फाटकावर नाव सांगितलं. पाच मिनिटांत तो स्वतः बाहेर आला. पन्नाशीचा, कानांवर पिकलेले केस, पायात सेफ्टी बूट. वाकून पाया पडला आणि आत घेऊन गेला.

ऑफिसच्या टेबलावर काचेखाली मास्तरांचा कागद होता. मास्तरांनी तो बघितला आणि नजर खिडकीकडं वळवली. खिडकीतून खालचा शॉप दिसत होता. ओळीनं बंदिस्त यंत्रं, आत पांढऱ्या कूलंटचा फवारा, माणसं थोडी.

चहा आला. उदयसिंहनं सौंदर्याला ड्रॉइंगबद्दल दोन-चार प्रश्न विचारले. भोकाच्या मापात फरकाची मर्यादा किती धरली, मोटरीचा दांडा स्वतः मोजला का कंपनीच्या कागदावरून घेतला. तिनं स्वतः मोजलाय म्हणून सांगितलं, तीन ठिकाणी. त्यानं मान डोलवली. मग ड्रॉइंग बाजूला ठेवलं.

"सर, तुमचं पत्र आलं त्या दिवशीच वाचलं," तो म्हणाला. "उत्तर काय द्यायचं कळंना. त्या वर्षी मी तुम्हाला लई शिव्या दिल्यात, तुमच्या माघारी. नंतर कारखाना काढला. स्टोअरला माणूस बसवला आणि त्याला सांगितलं, चिठ्ठीबिगर बोल्टबी द्यायचा न्हाई. तवा कळलं, तुम्ही पत्र मागितलं त्यात काय चूक नव्हती."

मास्तर कपाकडं बघत होते.

"पण एक सांगू? राग यायचा थांबला तरी एक गोष्ट मनातनं जात नव्हती. तुम्ही ते पत्र घिऊन आमच्यासंगं वर आला असता, तर त्याच दिवशी सही झाली असती. तुमचा शब्द चालत होता. आम्ही चौघं एकटीच जिना चढलो." तो थांबला. "हिच्यासंगं तुम्ही आलाय. तेवढंच बघत बसलोय मी मघापासनं."

मास्तरांना खूप काही सांगायचं होतं, आठ वर्षांची नोकरी, तपासणी, घरी तेव्हा दोन लहान पोरं. त्यातलं काहीच त्यांनी सांगितलं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "यायला पायजे होतं."

उदयसिंहनं चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला, चहा निवेल म्हणाला. आणि मग कामाचं बोलू लागला. यंत्रं महिनाअखेरपर्यंत बाहेरच्या मालात गुंतली होती. सहा नगांसाठी त्यांचं सेटिंग मोडता येणार नव्हतं, ते त्यानं स्पष्ट सांगितलं. सौंदर्याचा चेहरा पडायच्या आतच पुढचं बोलला. टूलरूमला एक साधा लेथ होता, दुरुस्तीच्या कामाचा. सोमवारी कारखान्याला सुट्टी असते. ॲल्युमिनियमचा गोल बार तो देईल, टूल देईल, आठ नग निघतील एवढा माल देईल. हब पोरांनी स्वतः कातायचे.

"पण एक अट हाय," तो म्हणाला. "मशीनजवळ मास्तर उभे पायजेत."

सोमवारी सकाळी नऊला मास्तर इस्त्रीची खाकी पँट घालून तयार होते. निवृत्तीनंतर ती ट्रंकेत पडली होती, शांतव्वानं आदल्या दिवशी काढून उन्हात टाकली होती. टूलरूम लहान, स्वच्छ. लेथ बघून त्यांनी आधी बेडवरून बोट फिरवलं, चकचे जबडे उघडून बंद करून बघितले, तेल घातलं. मग सौंदर्याला केस बांधायला लावले, ओढणी काढून बाहेर ठेवायला लावली, चष्मा घालायला लावला. आदर्शच्या पायात चपला होत्या. त्याला परत पाठवून बूट घालून यायला सांगितलं. तो तासाभरानं आला, तोवर कुणी मशीन सुरू केलं नाही.

पहिला तुकडा सौंदर्यानंच लावला. तिनं कॉलेजात संगणकाच्या यंत्रावर काम केलं होतं, पण हातानं हँडल फिरवत इतकं मोठं काम कधी केलं नव्हतं. मास्तरांना दूरचं नीट दिसत नव्हतं, जवळचं त्याहून कमी. ते टूलपासून दीड हात लांब, मान किंचित कलती करून उभे राहिले आणि ऐकू लागले.

"दाब कमी कर. आता ने पुढं. थांब, कीस चिकटायला लागलाय टूलला, रॉकेलचा हात फिरव. हां. आता सोड."

फेसिंग झालं, बाहेरचा व्यास झाला. ड्रिलनं भोक बारा मिलिमीटरला थोडं कमी पाडलं, शेवटी ते नेमक्या मापाचं करणारा रीमर हळू घातला. पहिल्या नगाला तिनं रीमर घालताना घाई केली आणि भोक थोडं मोठं झालं. मोटरीचा दांडा त्यात खुळखुळायला लागला. ती तो तुकडा हातात धरून उभी राहिली. मास्तरांनी तो घेतला, खिडकीत ठेवला, आणि म्हणाले, हा बिघडायचाच होता, आता दुसरा लाव.

दुपारी उदयसिंह आला, सुट्टीचा दिवस असून. दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. मग बाह्या वर सारल्या आणि डायल गेज घेऊन प्रत्येक हब खरा फिरतोय का ते तपासायला बसला. काटा जवळजवळ हललाच नाही, तेव्हा त्यानं सौंदर्याकडं बघून मान डोलवली. चाकाच्या नटबोल्टांची चार-चार भोकं जुळ्या भावांनी कापून दिलेल्या चकतीचा साचा करून ड्रिलवर पाडली. संध्याकाळी पाच वाजता सहा हब टेबलावर ओळीनं उभे होते. मास्तरांचे पाय भरून आले होते. उदयसिंहनं त्यांना खुर्ची दिली. दोघं चहा पीत जुन्या वर्कशॉपबद्दल बोलत राहिले, त्या चौघांतले बाकीचे तिघे कुठं आहेत, कोण भेटतं, कोण भेटत नाही. एक तर आता या जगातच नव्हता. ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. चारचाकीच्या अपघातात गेला, उदयसिंह म्हणाला, दोरीवर चढायच्या यंत्राचं डोकं खरं त्याचंच होतं.

स्पर्धा फेब्रुवारीच्या शेवटी झाली. मास्तर गेले नाहीत, एवढा लांबचा प्रवास झेपणार नव्हता. सौंदर्या रोज संध्याकाळी फोन करायची. रोबो मैदानावर सरळ धावला, एक डुगडुग नाही. रोबोवर सयाजीच्या कारखान्याचा काजूचा शिक्का इतका मोठा होता की इतर कॉलेजांची पोरं विचारत होती, तुमचा रोबो काजू फोडतो का. पहिला सामना जिंकले. दुसऱ्यात फेकणाऱ्या रोबोच्या बॅटरीची जोडणी निसटली आणि तो अर्ध्यात बंद पडला. आदर्शनं ती जोडणी स्वतः केली होती आणि सकाळी त्याच्याकडूनच ती तपासायची राहिली होती. तो फोनवर आला नाही. पंचेचाळीस टीममध्ये त्यांचा नंबर एकोणिसावा आला.

परत आल्यावर दोघं पुन्हा कट्ट्यावर हजर झाले. आता आभाराची पत्रं लिहायची होती, फोटो आणि अहवाल जोडून, ज्यांनी काही दिलं त्यांना आणि ज्यांनी नाही म्हणून कळवलं त्यांनाही. अहवालात बॅटरीचं कसं लिहायचं यावर दोघांचं अडलं होतं. सौंदर्या म्हणत होती, तांत्रिक अडचण आली असं लिहू. मास्तरांनी आदर्शकडं बघितलं.

"मी लिहितो," आदर्श म्हणाला. "जोडणी मी तपासली नव्हती, असं."

त्यानं लिहिलं. एक ओळ, एवढीच. मास्तरांनी ती वाचली आणि कागद खाली ठेवला.

उदयसिंहचं पत्र शेवटी राहिलं. त्यात मास्तरांनी काय घालायचं ते सौंदर्यानं विचारलं. समोरच्या शेडमधला लेथ बंद होऊन शटर खाली आलं, गल्लीत दिवे लागले. आतून शांतव्वानं विचारलं, पोरं जेवायला थांबणार आहेत का. मास्तरांनी व्हय म्हणून आवाज दिला आणि सौंदर्याला सांगितलं, हब कुणी कातले त्यांची नावं लिही, तारीख लिही, आणि पुढच्या सोमवारी पोरांना घेऊन यायला टूलरूम मोकळी असंल का, ते विचार.